सहा फॅन, दोन हेडर: स्प्लिटर कुठं पुरतो आणि हब कुठं लागतो

जवाहरनगरातून बोलतोय. आजचा भाग कॅबिनेटच्या फॅनबद्दल आहे. मदरबोर्डवर फॅन लावायच्या जागा दोन आणि कॅबिनेटमध्ये फॅन सहा, तर काय करायचं? बरेच जण हे विचारतात. उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, पण त्या एका वाक्यानं मी स्वतः एका पोराचा बोर्ड अर्धवट मारला. म्हणून आज सगळं नीट सांगतो.

मे महिन्यातली दुपार. तीन वाजले असतील. आमच्या मागच्या लाइनीतल्या क्वार्टरमधून फोन आला. "भाऊ, पीसी बंद पडून राहिला. रेंडर अर्ध्यावर गेला का बंद. आज तिसऱ्यांदा झालं."

हा पोरगा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मे म्हणजे त्याची कमाईची वेळ. दोन दिवसांनी एका पार्टीला पूर्ण व्हिडिओ द्यायचा होता आणि अॅडव्हान्स घेऊन झालेला. पीसी जानेवारीत मीच जोडून दिलेला. त्यामुळं "बघू संध्याकाळी" असं म्हणायची सोयच नव्हती. डोक्याला दुपट्टा बांधला आणि गेलो.

कॅबिनेटसमोर उभा राहिलो तर समोरचे तिन्ही फॅन रंगीत लाइटनं मस्त चमकत होते. पोरगा म्हणाला, "फॅन तर चालू आहेत भाऊ." मी बाजूची काच काढली, आत हात घातला, आणि हवा काही लागेना. नीट बघितलं तर समोरचे तीन फॅन जागेवर उभे. वरचे दोनही उभे. फिरत होते फक्त दोन, प्रोसेसरच्या कूलरचा आणि मागचा.

इथं पहिली गोष्ट लक्षात ठेवा. फॅनच्या लाइटची वायर वेगळी असते आणि मोटरची वेगळी. लाइट बोर्डच्या दुसऱ्या हेडरवरून किंवा एसएमपीएसवरून वीज घेतात. मोटरची वीज गेली तरी लाइट चालूच राहतात. त्यामुळं फॅन चमकतोय म्हणजे फिरतोय असं समजू नका. पाती फिरताना दिसली पाहिजेत आणि हवा हाताला लागली पाहिजे.

आता जानेवारीत मी काय केलं होतं ते सांगतो. बोर्ड छोटा, बजेटमधला. त्याच्यावर फॅनची तीनच हेडर: CPU_FAN, CHA_FAN1 आणि CHA_FAN2. काही बोर्डांवर CHA च्या जागी SYS लिहिलेलं असतं, अर्थ तोच, कॅबिनेटचा फॅन. CPU_FAN वर प्रोसेसरचा कूलर गेला. उरली दोन हेडर, आणि कॅबिनेटमध्ये फॅन सहा: समोर तीन, वर दोन, मागं एक. मागचा फॅन CHA_FAN2 वर लावला. उरलेल्या पाचांसाठी १५० रुपयांचा एकाचे पाच करणारा स्प्लिटर आणला आणि सगळे CHA_FAN1 वर टाकून दिले. सुरू केलं, पाचही फिरले, मी खूश, पोरगा खूश. काकूंनी चहा दिला, मी घरी आलो.

चूक कुठं झाली? मी फॅन फिरतात का एवढंच पाहिलं. त्यांना वीज किती लागते ते पाहिलंच नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात एक प्रकार सर्रास चालतो. भिंतीत एकच सॉकेट असतो, त्याला एक्स्टेंशन बोर्ड लावतो, आणि त्याच्यावर कूलर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, सगळं एकदम. एक्स्टेंशनला पाच भोकं आहेत म्हणून भिंतीतली वायर पाचपट जाड होत नाही. स्प्लिटरचं अगदी तसंच आहे. तो जागा वाढवतो, वीज वाढवत नाही. पाचही फॅनची सगळी वीज त्या एका हेडरच्या एका बारीक पिनमधून जाते.

त्या पिनची मर्यादा बोर्डच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते. बहुतेक घरगुती बोर्डांवर एका हेडरला १ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला १२ वॉट. काही बोर्डांवर पाण्याच्या पंपासाठी एखादं जास्त ताकदीचं हेडर असतं, पण ते गृहीत धरू नका, मॅन्युअल उघडून बघा. आणि फॅनला किती लागते ते फॅनच्या मधल्या गोल स्टिकरवर छापलेलं असतं. तिथं १२ व्होल्टच्या शेजारी ०.२५ किंवा ०.३० असा आकडा असतो, त्याच्यापुढं A असतो. तोच आपल्याला पाहिजे.

त्या दिवशी मी मोबाइलचा टॉर्च लावून स्टिकर वाचले. जे काम जानेवारीत करायला पाहिजे होतं ते मे मध्ये केलं. समोरचे तीन फॅन प्रत्येकी ०.३२ अँपिअर. तीन गुणिले ०.३२ म्हणजे ०.९६. म्हणजे समोरच्या तिघांनीच ते हेडर जवळजवळ भरून टाकलं होतं. वरचे दोन प्रत्येकी ०.३०, म्हणजे ०.६०. एकूण झाले १.५६ अँपिअर. मर्यादा १ ची, आणि मी लटकवले होते दीडपटीहून जास्त.

मग जानेवारी ते एप्रिल चाललं कसं? हा प्रश्न मलाही पडला. त्याचं उत्तर आपल्या हवामानात आहे. स्टिकरवरचा आकडा हा फॅन पूर्ण वेगात असतानाचा असतो. थंडीत खोलीत वीस-बावीस डिग्री असताना बोर्ड फॅनला निम्म्या वेगात फिरवत होता, आणि निम्म्या वेगात फॅन निम्म्याहूनही बरीच कमी वीज खातो. त्यामुळं हेडर वाचत होतं. मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी खोलीतच चाळीस होतात. फॅन बाहेरची हवा आत ओढतो, हवा थंड करत नाही. आत येणारी हवाच चाळीसची असेल तर बोर्ड दुसरं काय करणार? सगळे फॅन पूर्ण वेगात सोडतो. म्हणजे हेडरवर सगळ्यात जास्त भार नेमका उन्हाळ्यात येतो.

त्यात लाइट जायची-यायची भर. थांबलेला फॅन सुरू होताना क्षणभर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षाही जास्त वीज ओढतो. लाइट आली की पाचही फॅन एकदमच सुरू होणार, म्हणजे तो झटका पाचपट. पोरगा म्हणाला की सकाळपासून लाइट तीनदा गेली होती. त्यातल्याच एखाद्या झटक्यात हेडर गेलं असावं.

पण अंदाजावर थांबायचं नाही, तपासायचं. असं काही तुमच्याकडे झालं तर क्रम सांगतो. पीसी बंद करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, मग वायर काढा. मी समोरच्या तीनपैकी एका फॅनची वायर स्प्लिटरमधून काढली आणि मागच्या फॅनच्या जागी CHA_FAN2 वर लावली. सुरू केलं, फॅन फिरला. म्हणजे फॅन चांगला. परत बंद करून तोच फॅन, एकटाच, स्प्लिटरशिवाय, CHA_FAN1 वर लावला. नाही फिरला. म्हणजे दोष फॅनचा नाही, स्प्लिटरचा नाही, हेडरचा. मग मल्टिमीटर लावला. हेडरची पहिली पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट. CHA_FAN2 वर बारा दाखवत होता, CHA_FAN1 वर शून्य. मीटरची टोकं दोन पिनांना एकदम लागू देऊ नका, शॉर्ट होतो. हात स्थिर नसेल तर मीटर राहू द्या, फॅनची अदलाबदल पुरेशी आहे.

काही बोर्डांत हेडरला संरक्षण असतं. भार वाढला की ते स्वतःच बंद होतं आणि पीसी पूर्ण बंद करून थोड्या वेळानं चालू केलं की परत येतं. आम्ही अर्धा तास वाट पाहिली. हे काही परत आलं नाही. बाकी बोर्ड वाचला, हे नशीब.

आता उरलं एकच चालू हेडर आणि फॅन सहा. पोराचा चेहरा उतरलेला. "नवा बोर्ड घ्यावा लागते का भाऊ?" मी म्हटलं, नाही. इथंच हबचं काम सुरू होतं.

हब समजण्यासाठी शेतातला मोटारपंप आठवा. पंपाचा स्टार्टर असतो, त्याचं हिरवं बटण आपण बोटानं दाबतो. पंपाची सगळी वीज त्या बटणातून जाते का? नाही. बटण फक्त इशारा देतं. जड वीज आत वेगळ्या संपर्कातून, थेट लाइनीवरून पंपाला जाते. वीज घेणारा फॅन हब असाच चालतो. त्याला दोन वायरी असतात. एक जाड, ती एसएमपीएसच्या साटा पॉवरला लागते, आणि फॅनची सगळी वीज तिथून येते. दुसरी बारीक, ती बोर्डच्या हेडरला लागते, आणि तिच्यातून येतो फक्त इशारा: किती वेगानं फिरा.

साटा पॉवरच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे प्लगची एकूण क्षमता साडेचार अँपिअर. आमच्या सहा फॅनचा हिशेब, मागच्याचे ०.३० धरून, १.८६ होतो. जिथं हेडर गुदमरत होतं तिथं हा आरामात निम्म्याच्या आत. तरी हबच्या पाकिटावर त्याची स्वतःची मर्यादा वाचा, कारण हबच्या आतली पट्टी प्लगपेक्षा कमी ताकदीची असू शकते. आणि साटाचा प्लग शिल्लक नाही म्हणून जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून साटा करणारा, प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला स्वस्त कनेक्टर वापरू नका. तसले कनेक्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं जगभर आहेत. एसएमपीएसच्या मूळ वायरीवरचाच प्लग घ्या.

खरेदी करताना एका ठिकाणी फसायला होतं. दुकानात हब म्हणून जी डबी देतात, तिला कधी कधी साटाची वायरच नसते. दिसायला डबी, दहा जागा, पण वीज सगळी हेडरवरूनच. ती नावाला हब, खरा तो स्प्लिटरच. ओळखायचं कसं? पहिलं, साटाचा प्लग आहे का बघा. दुसरं, हेडरला जाणाऱ्या वायरीत किती तारा आहेत ते मोजा. वीज एसएमपीएसवरून घेणाऱ्या बहुतेक हबमध्ये या वायरीत दोनच तारा दिसतात, कारण १२ व्होल्ट बोर्डकडून घ्यायचेच नसतात. साटाचा प्लग नाही आणि इकडे चारही तारा, तर तो स्प्लिटर.

संध्याकाळी मी नागपूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगून हब मागवला. पैसे मीच दिले, ते द्यायलाच पाहिजे होते. रात्री जोडला. सहाही फॅन हबवर, साटा एसएमपीएसला, बारीक वायर CHA_FAN2 वर. प्रोसेसरच्या कूलरला हात लावला नाही. तो CPU_FAN वर एकटाच. हबवर जागा आहे म्हणून तोही तिथं टाकू नका, कारण पुढं सांगतो.

सुरू केलं. सहाही फिरले. रेंडर लावला, पहाटेपर्यंत चालला, बंद पडला नाही. व्हिडिओ वेळेवर गेला. गोष्ट इथं संपली असती तर भाग दहा मिनिटांचा झाला असता. पण पुढं दोन गोष्टी झाल्या, आणि त्या बऱ्याच लोकांच्या बाबतीत होतात.

पहिली, आवाज. पावसाळा लागला, हवा थंड झाली, पोरगा म्हणाला, "भाऊ, काही काम नसलं तरी वरचे दोन फॅन बोंबलून राहिले. बाकीचे शांत आहेत." गेलो, बघितलं. समोरच्या आणि मागच्या फॅनच्या प्लगला चार भोकं, वरच्या दोघांच्या प्लगला तीन. कॅबिनेटसोबत चारच फॅन आले होते, वरचे दोन त्यानं नंतर स्वस्तात घेतलेले.

चार तारांचं काम असं. एक ग्राउंड, एक १२ व्होल्ट, एक फॅनकडून बोर्डकडे जाणारी वेगाची खबर, आणि चौथी बोर्डकडून फॅनकडे येणारा हुकूम. हा हुकूम म्हणजे पीडब्ल्यूएम. चौथ्या तारेवर बोर्ड सेकंदाला साधारण २५ हजार वेळा चालू-बंद असा इशारा देतो. त्यात चालूचा वाटा जेवढा जास्त तेवढा फॅन जोरात. फॅनला १२ व्होल्ट कायम पूर्ण मिळतात, वेग तो हुकुमावरून ठरवतो.

तीन तारांच्या फॅनला चौथी तारच नाही. म्हणजे हुकूम ऐकायला कानच नाही. त्याचा वेग कमी करायचा एकच रस्ता, त्याला मिळणारे व्होल्ट कमी करणं. बोर्डचं हेडर ते करू शकतं, त्याला डीसी मोड म्हणतात. पण साध्या हबला एसएमपीएसकडून सरळ १२ व्होल्ट येतात आणि तो तेच पुढं देतो. म्हणून हबवर लावलेला तीन पिनांचा फॅन कायम पूर्ण वेगात पळतो. त्यात बिघाड काही नाही, ती त्याची रीतच आहे.

तुमच्याकडे सगळी हेडर शाबूत असतील तर उपाय सोपा. चार पिनांचे फॅन हबवर, आणि तीन पिनांचे एक-दोन फॅन बोर्डच्या उरलेल्या हेडरवर डीसी मोडमध्ये. आमच्याकडे ते हेडर मीच मारलेलं. मग वरचा पुढच्या बाजूचा फॅन काढूनच टाकला. तसाही तो समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच वर ओढून बाहेर टाकत होता. वरच्या मागच्या जागी चार पिनांचा एक नवा बसवला. पाच फॅन राहिले आणि तापमानात फरक पडला नाही.

बायोसमध्ये एक गोष्ट बघून घ्या. हब ज्या हेडरवर आहे ते हेडर PWM वर ठेवा, DC किंवा Auto वर नको. हेडर डीसी मोडमध्ये असलं तर चौथ्या तारेवर हुकूम येत नाही, आणि मग बहुतेक वेळा हबवरचे सगळेच फॅन पूर्ण वेगात पळतात. नवीन हब लावल्यावर सगळेच फॅन ओरडायला लागले तर आधी हे तपासा, हब परत करायला धावू नका. ही सेटिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या बायोसमध्ये Q-Fan, Smart Fan किंवा Hardware Monitor अशा नावाखाली सापडते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण ती दिसत नाही.

जुलैत पोरानं मला एक स्क्रीनशॉट पाठवला. तोच रेंडर, पण ग्राफिक्स कार्ड आधी ७४ डिग्रीवर थांबायचं ते आता ८० दाखवत होतं. बाहेर तर पाऊस. मी विचारलं फॅन चालू आहेत का. त्यानं बायोस बघून सांगितलं, "हो भाऊ, ११५० आरपीएम दाखवून राहिला." मी तरी गेलो. समोरचा मधला फॅन पूर्ण उभा. त्याच्या पात्यात वायर अडकलेली.

झालं असं होतं की हब मी समोरच्या फॅनच्या मागं, पाकिटातल्या डबल टेपनं चिकटवला होता. जून अर्धा जाईपर्यंत कॅबिनेटच्या आत इतकी गरमी होती की टेपचा गोंद सैल झाला, हब हळूहळू खाली सरकला आणि एक वायर पात्यात गेली. आपल्या भागात हब टेपवर सोडू नका. मदरबोर्डच्या मागच्या बाजूला, जिथं कुठल्याच फॅनचं पातं पोचत नाही, तिथं केबल टायनं बांधा.

पण खरा प्रश्न वेगळा आहे. फॅन उभा होता, मग बोर्ड ११५० कसे दाखवत होता?

वेगाची खबर देणारी ती तिसरी तार आठवा. फॅन दर फेऱ्याला त्या तारेवर दोन ठोके देतो, बोर्ड ते मोजतो आणि आरपीएम काढतो. आता हबवर पाच फॅन आणि बोर्डकडे जाणारी खबरेची तार एक. पाचही जणांचे ठोके त्या एकाच तारेवर सोडले तर बोर्डला काहीच कळणार नाही, आकडा वेडावाकडा येईल. म्हणून हब आणि चांगला स्प्लिटरही फक्त एकाच फॅनची खबर पुढं जाऊ देतात. हबवर ती जागा १ आकड्यानं किंवा वेगळ्या रंगानं दाखवलेली असते. स्प्लिटरमध्ये एका टोकाला चारही पिना असतात, बाकीच्या टोकांना तिसरी पिन गायब असते. पिन तुटलेली नाही, मुद्दाम दिलेली नाही.

म्हणजे आमच्या बोर्डला फक्त पहिल्या जागेवरचा फॅन माहीत होता, आणि तो होता मागचा. तो ११५० नं फिरत होता, बोर्ड खरंच बोलत होता. बाकी चौघांपैकी कोण मेलं, कोण जिवंत, हे बोर्डला कळायचा रस्ताच नाही. स्प्लिटर लावा की हब, एकाला ऐकायचं आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा, हा सौदा तुम्ही केलेलाच असतो.

आता कळलं असेल की प्रोसेसरचा कूलर हबवर का टाकायचा नाही. तो चुकून तिसऱ्या-चौथ्या जागेवर गेला आणि बंद पडला, तर बोर्ड दुसऱ्याच फॅनचा आकडा बघून निवांत राहील. प्रोसेसर गरम झाल्यावर वेग कमी करेल, शेवटी पीसी बंद होईल, पण फॅन बंद आहे असं कुणी सांगणार नाही. तोच CPU_FAN वर एकटा असेल तर फॅन थांबल्यावर बहुतेक बोर्ड सुरू होतानाच CPU Fan Error दाखवून थांबतात. ही ओरड आपल्या फायद्याची आहे, ती गमावू नका.

आणि उलटही होतं. हबच्या पहिल्या जागेवर काहीच लावलं नाही, तर बोर्डला ठोकेच मिळत नाहीत. सगळे फॅन फिरत असतात आणि बोर्ड शून्य दाखवून इशारे देत बसतो. तसं दिसलं तर आधी पहिली जागा रिकामी आहे का बघा.

मग उरलेल्या फॅनवर लक्ष कसं ठेवायचं? मी आता दोन कामं करतो. हब लावला की त्याच दिवशी एक ठरलेलं काम, म्हणजे तोच रेंडर किंवा तोच गेम, अर्धा तास चालवतो आणि खोलीचं, प्रोसेसरचं आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवतो. खोली तेवढीच गरम असताना पुढं कधी आकडा पाच-सहा डिग्रीनं चढला तर काच उघडायची. आणि महिन्यातून एकदा टिश्यू पेपरची बारीक पट्टी घेऊन प्रत्येक फॅनपुढं धरायची. आत ओढणाऱ्या फॅनकडे पट्टी ओढली जाते, बाहेर फेकणाऱ्यापुढं ती उडते. पट्टी लटकून राहिली तर तो फॅन गेला. बोट घालून बघू नका.

तर सुरुवातीचा प्रश्न, स्प्लिटर का हब? हिशेब असा करा. स्टिकरवरचे आकडे जोडा. बेरीज हेडरच्या मर्यादेच्या साधारण दोन तृतीयांशाच्या आत आली, तर स्प्लिटर पुरतो. १ अँपिअरच्या हेडरवर म्हणजे सुमारे ०.६५. ०.२० चे तीन चालतील, ०.३० चे दोन चालतील. वरचा एक तृतीयांश मी सुरू होतानाच्या झटक्यासाठी सोडतो. हा माझा स्वतःचा नियम आहे, मॅन्युअलमधला नाही, पण एक हेडर गेल्यापासून मी तो मोडत नाही. त्याच्यावर गेलात तर साटाची वायर असलेला हब घ्या. एका स्प्लिटरला दुसरा स्प्लिटर जोडायचा तर नावच काढू नका. वीज शेवटी त्या एकाच पिनमधून येते.

त्या पोराचा पीसी अजून त्याच बोर्डवर चालतोय. मेलेल्या CHA_FAN1 वर मी पांढऱ्या टेपचा तुकडा लावून ठेवलाय, पुढं कुणी त्याच्यात फॅन खुपसू नये म्हणून. मागच्या आठवड्यात तो म्हणाला की कॅबिनेटच्या खाली अजून दोन फॅन बसतात, घेऊ का. मी म्हटलं, घे, पण आधी स्टिकरचा फोटो पाठव.

तुमच्या फॅनच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते आज एकदा बघा. भेटू पुढच्या भागात.